अक्षरे पुसली, तरी पाटी बोलते

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात नंबर प्लेटच्या रंगांचे गणित पक्के असते. पांढरी पाटी घरच्या गाडीची, पिवळी भाड्याच्या गाडीची, आणि हिरवी दिसली की गाडी विजेवर चालणारी. हाच माणूस अॅमस्टरडॅमच्या विमानतळाबाहेर पहिल्यांदा उभा राहिला, तर समोरून जाणारी जवळपास प्रत्येक गाडी त्याला टॅक्सी वाटेल. नेदरलँड्समध्ये घरच्या गाड्यांच्याच पाट्या पुढून आणि मागून पिवळ्या असतात. टॅक्सीची पाटी तिथे फिकट निळी असते.

म्हणजे रंग दोन प्रकारचे काम करतो. काही देशांत तो गाडी कशासाठी वापरली जाते हे सांगतो, काही देशांत तो त्या देशाच्या सगळ्याच गाड्यांचा असतो, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही कामे एकत्र चालतात. देशाचे नाव किंवा त्याची अक्षरे दिसत नसताना केवळ पाटीवरून देश ओळखायचा असेल, तर पहिली अडचण इथेच येते.

अशी वेळ येते कोणावर? जुन्या फोटोंची जागा शोधणाऱ्यांवर, चित्रपटातले शहर खरे कुठले हे ताडणाऱ्यांवर, बातमीसोबतचे छायाचित्र खरोखर त्याच देशातले आहे का हे तपासणाऱ्या पत्रकारांवर. गेल्या दहा-बारा वर्षांत यात एक मोठा वर्ग मिसळला. अँटन वॉलेन या स्वीडिश तरुणाने 2013 मध्ये ‘जिओगेसर’ हा खेळ काढला. त्यात गुगल स्ट्रीट व्ह्यूमधला जगातला कुठलाही रस्ता समोर येतो आणि आपण कुठे आहोत हे खेळणाऱ्याने ओळखायचे असते. स्ट्रीट व्ह्यूच्या चित्रांत 2008 पासून माणसांचे चेहरे आणि गाड्यांच्या पाट्या यंत्राने धूसर केल्या जातात. अक्षरे वाचता येत नाहीत, देशाची खूण तर नाहीच नाही. पण धूसर केलेल्या पाटीचा रंग उरतो, तिची लांबी-रुंदी उरते, आणि कडेला निळी पट्टी असेल तर निळसर डागही उरतो. एवढ्या उरलेल्या ऐवजावर मुरलेले खेळाडू काही क्षणांत देश सांगतात.

हे कसे जमते ते पाहायला पश्चिम युरोपइतकी चांगली जागा नाही. छोटे छोटे देश एकमेकांना खेटून आहेत, सीमेवर नाकी नाहीत, गाड्या मोकळेपणाने इकडून तिकडे जातात, आणि तरीही प्रत्येकाने आपल्या पाटीचा स्वभाव जपला आहे.

रंग सर्वांत आधी दिसतो, म्हणून तपास तिथूनच सुरू होतो. पिवळ्यापुरता नियम सोपा आहे: एका गाडीची पुढची आणि दुसऱ्या गाडीची मागची पाटी बघायची. दोन्ही पिवळ्या असतील तर युरोपात नेदरलँड्स किंवा लक्झेंबर्ग. पुढची पांढरी आणि मागची पिवळी असेल तर ब्रिटन. एकाच गाडीच्या दोन्ही बाजू फोटोत दिसत नाहीत, पण रस्त्याच्या दोन कडांना उभ्या असलेल्या गाड्यांपैकी काहींची तोंडे आपल्याकडे असतात, काहींच्या पाठी. जाणकार डोळा एका पाटीवर थांबत नाही, तो या जोडीचा शोध घेतो. नुसती मागची पिवळी पाटी पाहून निकाल दिला तर तीन देशांत घोळ होऊ शकतो.

नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्यात निवड करायची तर अक्षरांच्या गटांकडे पाहावे लागते. डच पाटीवर अक्षरे-आकड्यांचे तीन गट असतात आणि मध्ये दोन छोट्या आडव्या रेघा. लक्झेंबर्गच्या नेहमीच्या पाटीवर दोन अक्षरे आणि चार आकडे, म्हणजे दोनच गट. चित्र बरेच धूसर असले तरी काळसर ठिपके तीन ठिकाणी साठले आहेत की दोन, हे पुष्कळदा कळते. डच पाटी थोडी वाचता येत असेल तर आणखी एक खूण मिळते. चालू मालिकांमध्ये स्वर जवळजवळ वापरतच नाहीत, म्हणजे योगायोगाने एखादा शब्द तयार होण्याची शक्यता राहत नाही.

ब्रिटनची गोष्ट वेगळी आहे, आणि या विषयात ती सर्वांत उपयोगाची. तिथे पाटीच्या डाव्या कडेची निळी पट्टी ऐच्छिक होती, त्यामुळे असंख्य गाड्यांवर देशाची कुठलीच खूण नसते. तरीही ब्रिटिश पाटी ओळखायला सोपी आहे. पहिले कारण अर्थात पुढे पांढरी, मागे पिवळी ही जोडी. दुसरे कारण पाटी बनवण्याची रीत. युरोप खंडावरच्या बहुतेक देशांत अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर साच्याने दाबून अक्षरे उठवतात, त्यामुळे तिरक्या उन्हात अक्षरांच्या कडांना बारीक सावली पडते. ब्रिटनमध्ये पाटी सपाट प्लास्टिकची असते आणि अक्षरे छापलेली. तिच्यावर ऊन पडले की सगळी पाटी एकसारखी चमकते, अक्षरांना उंचवटा दिसत नाही. तिसरे कारण मांडणी: 2001 पासूनच्या पाट्यांवर आधी चार चिन्हांचा गट, मग मोकळी जागा, मग तीन अक्षरे. अक्षरे 79 मिलिमीटर उंच, रेघ 14 मिलिमीटर जाड. ‘चार्ल्स राइट’ नावाचे हे वळण साधे आणि ठसठशीत आहे, त्यात कुठे नक्षी नाही. फोटो जवळून घेतलेला असेल तर खालच्या कडेला मधोमध पाटी पुरवणाऱ्याचे नाव अगदी बारीक अक्षरांत छापलेले दिसते. कायद्यानेच ते तिथे लागते.

मात्र पुढे पांढरी, मागे पिवळी ही जोडी ब्रिटनबाहेरही गेली आहे. हाँगकाँगमध्ये ती आहे. स्पेनच्या दक्षिण टोकाला चिकटलेल्या जिब्राल्टरमध्येही आहे. अशा वेळी पाटीपेक्षा गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालते आहे हे आधी बघावे. हाँगकाँगमध्ये वाहने ब्रिटनसारखी, आणि आपल्यासारखीच, डावीकडून चालतात. जिब्राल्टरमध्ये ती उजवीकडून चालतात. म्हणजे मागे पिवळी पाटी आणि वाहतूक उजवीकडून, असे दिसले तर ब्रिटन तिथल्या तिथे बाद होतो. तरी जिब्राल्टरचे नाव घेण्याची घाई करू नये, कारण काही जुन्या फ्रेंच गाड्यांचीही मागची पाटी पिवळी असते. फ्रान्सने 2009 मध्ये नवी क्रमांक पद्धत आणली आणि दोन्ही पाट्या पांढऱ्या ठेवल्या. त्याआधी फ्रान्समध्ये मागे पिवळी पाटी सर्रास दिसे. म्हणून चित्र कुठल्या वर्षीचे आहे हा प्रश्न रंगाइतकाच महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये स्ट्रीट व्ह्यूचे काम 2008 मध्ये सुरू झाले. त्या पहिल्या काळातली चित्रे आणि आजची चित्रे यांतला मागच्या पाट्यांचा रंग एकसारखा नाही.

रंग पाहताना उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. भर दुपारच्या उन्हात फिकट पिवळा रंग फोटोत पांढरा पडतो, आणि सावलीतली पांढरी पाटी निळसर दिसते. उपाय सोपा आहे. त्याच फोटोत, तशाच उजेडात असलेली नक्की पांढरी वस्तू शोधायची, म्हणजे रस्त्यावरचा पट्टा किंवा पांढरी गाडी, आणि पाटीचा रंग तिच्याशी ताडून पाहायचा.

लाल रंग पिवळ्यापेक्षा कमी ठिकाणी सापडतो, म्हणून तो जास्त बोलका. पांढऱ्या पाटीवर गडद लाल अक्षरे आणि लाल चौकट असेल तर ती बेल्जियमची. पाटी धूसर केली की ही अक्षरे गुलाबी छटा सोडतात, आणि शेजारच्या देशांच्या करड्या छटेपासून ती लगेच वेगळी कळते. डेन्मार्कच्या पाटीला लाल चौकट असते, पण अक्षरे काळी. ऑस्ट्रियात वरच्या आणि खालच्या कडेला बारीक लाल रेघा, आतली अक्षरे काळी. बेल्जियममध्ये आणखी एक प्रथा आहे: सरकार फक्त मागची पाटी देते आणि पुढची प्रत मालकाने स्वतः बनवून घ्यायची. त्यामुळे तिथे मागच्या पाटीवर अधिक विसंबावे.

उरल्या पांढऱ्या पाट्या आणि काळी अक्षरे. खरी कसोटी इथे लागते, कारण युरोपातले बहुतेक देश याच गटात येतात. आता रंग थकतो आणि माप पुढे येते.

युरोपात मोटारीच्या पाटीचे सर्वांत रुळलेले माप 520 बाय 110 मिलिमीटर आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या पावणेपाच पट. मध्यम मोटार पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते, तेव्हा अशी पाटी गाडीच्या रुंदीचा साधारण तीस टक्के भाग व्यापते. इटलीने मात्र मागची पाटी या मापाची ठेवली आणि पुढची लहान केली, 360 मिलिमीटर रुंद. उंची तीच 110, म्हणजे रुंदी उंचीच्या सव्वातीन पट. गाडीच्या तोंडावर ती जेमतेम पाचवा भाग व्यापते. स्वित्झर्लंडची पुढची पाटी आणखी छोटी: 300 बाय 80. ती रुंदीला कमी आहेच, पण उंचीलाही बारीक आहे, त्यामुळे बंपरवर ती अगदीच सडपातळ वाटते. मागची स्विस पाटी कधी लांब पट्टीची, कधी दोन ओळींची चौकोनी, आणि तिच्यावर दोन रंगीत ढाली असतात, एक देशाची आणि एक त्या प्रांताची. निळी पट्टी दोन्हींकडे नाही.

माप घेण्यासाठी फूटपट्टी लागत नाही. रुंदीला उंचीने भागले की झाले, कारण फोटो जवळचा असो वा दुरचा, गुणोत्तर बदलत नाही. पण एक अट आहे, आणि नवखे लोक इथेच फसतात. गाडी समोरून सरळ दिसत असली पाहिजे. ती तिरपी उभी असेल तर पाटीची रुंदी आक्रसते आणि उंची तेवढीच राहते. मग 520 मिलिमीटरची जर्मन पाटी इटलीच्या छोट्या पाटीसारखी भासते. तिरप्या गाडीवर गुणोत्तर मोजण्यापेक्षा पाटीची तुलना त्याच गाडीच्या तोंडाशी करावी, कारण तिरपेपणामुळे दोन्ही सारख्याच आक्रसतात. पाटीभोवतीची काळी चौकटही धोका देते. अनेक विक्रेते आपल्या नावाची पट्टी असलेली चौकट बसवून देतात, आणि धूसर चित्रात ती पाटीचाच भाग वाटते.

निळ्या पट्ट्यांचे स्थान मापाच्या जोडीला येते. युरोपियन संघातल्या बहुतेक देशांत पट्टी डाव्या कडेला एकच असते. इटली आणि फ्रान्समध्ये उजवीकडेही निळी पट्टी आहे. मग या दोघांना वेगळे कसे करायचे? पुढच्या पाटीवरून. फ्रेंच पाटी पुढेही पूर्ण लांबीची, इटालियन पुढे तोकडी. अल्बानियानेही 2011 मध्ये दोन निळ्या पट्ट्यांची पाटी स्वीकारली, त्यामुळे बाल्कनच्या बाजूला ही खूण एकट्याने पुरत नाही. पोर्तुगालच्या उजव्या कडेला बरीच वर्षे पिवळी पट्टी होती, तिच्यावर गाडीच्या पहिल्या नोंदणीचे वर्ष आणि महिना असे. 2020 च्या नव्या मालिकेत ती काढली. रस्त्यावर अजून पुष्कळ जुन्या गाड्या आहेत, म्हणून पिवळी पट्टी दिसली तर पोर्तुगालचे नाव पुढे येते, पण दिसली नाही म्हणून पोर्तुगाल बाद होत नाही.

अक्षरांचे वळण सर्वांत शेवटी पाहायचे. ते कामाला येते फक्त तेव्हा, जेव्हा फोटो स्पष्ट असतो आणि देशाची अक्षरे तेवढी झाकलेली असतात: कुणी उभे आहे, चिखल उडाला आहे, पट्टी घासली गेली आहे. अशा वेळी जर्मन अक्षरे चटकन ओळखू येतात. त्यांची जन्मकथा सांगण्याजोगी आहे.

1970 च्या दशकात पश्चिम जर्मनीत ‘रेड आर्मी फॅक्शन’ या अतिरेकी गटाच्या कारवाया चालू होत्या. तेव्हाच्या पाट्यांवर जर्मनीचे जुने प्रमाणित वळण होते, सरळ आणि नेटके. नेमक्या त्या नेटकेपणामुळे ते फसवायला सोपे होते. काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की ‘पी’चा ‘आर’ होई, ‘एफ’चा ‘ई’, आणि 3 चा 8. म्हणून असे वळण हवे होते ज्यात एका अक्षराचे दुसरे करताच येणार नाही. अक्षररचनाकार कार्लगेओर्ग होफर यांनी दशकाच्या अखेरीस ते घडवले. त्यात प्रत्येक अक्षर मुद्दाम वेगळ्या प्रमाणात आखले आहे. ‘पी’चे पोट आणि ‘आर’चे पोट जुळत नाही, ‘ई’ आणि ‘एफ’च्या आडव्या रेघा वेगवेगळ्या लांबीच्या आहेत, शून्य आणि ‘ओ’ यांची घडण निराळी आहे. परिणामी सगळी ओळ किंचित ओबडधोबड दिसते. जणू प्रत्येक अक्षर वेगळ्या संचातून उचलले आहे. नव्या पाट्यांवर हे वळण 1990 च्या दशकाच्या मध्यात आले आणि 2000 च्या अखेरीपासून सक्तीचे झाले. दिसायला ते देखणे नाही, पण त्यामुळेच विसरता येत नाही. शहराची अक्षरे आणि पुढचा क्रमांक यांच्या मध्ये प्रांताची गोल मोहर असते, तिने ओळख आणखी पक्की होते.

हे वळण इतर काही देशांनीही उचलले, त्यातला एक माल्टा. पाटीचे माप तेच, रंग तोच, वळणही तेच, मग फरक राहतो कशात? माल्टाच्या पाटीवर तीन अक्षरे आणि तीन आकडे एवढेच असतात, जर्मन पाट्यांची लांबी शहरागणिक बदलते. शिवाय माल्टामध्ये वाहने डावीकडून चालतात.

आता हे सगळे एका चित्रावर लावून पाहता येईल. समजा, आल्प्समधल्या एका दरीतले गाव आहे. उतरत्या छपरांची घरे, लाकडी सज्जे, मागे बर्फाचे डोंगर, आणि बेकरीवरची पाटी जर्मन भाषेत. हॉटेलसमोरच्या पार्किंगमध्ये सहा-सात गाड्या, देशाची अक्षरे एकीवरही वाचता येत नाहीत. भाषा आणि डोंगर पाहून पहिला विचार ऑस्ट्रियाचा येतो, दुसरा दक्षिण जर्मनीचा, तिसरा स्वित्झर्लंडचा.

हॉटेलजवळच्या दोन गाड्यांच्या पुढच्या पाट्या पूर्ण लांबीच्या आहेत आणि अक्षरांच्या मध्ये एक गोल ठिपका दिसतो: जर्मन. तिसऱ्या गाडीच्या पाटीला वर आणि खाली लालसर कड आहे: ऑस्ट्रिया. इथे थांबून दोघांपैकी एक निवडले तर चूक होईल, कारण या हॉटेलसमोरच्या गाड्या आहेत आणि हॉटेलसमोर पाहुणे उभे राहतात. डोंगराळ पर्यटनाच्या गावांत ही अडचण नेहमीची असते. म्हणून तिथल्याच माणसाची गाडी शोधायची: सामान पोहोचवणारी व्हॅन, कचरागाडी, नळकाम किंवा सुतारकाम करणाऱ्याची पाठीमागे शिडी बांधलेली गाडी, घराच्या अंगणात उभी असलेली जुनी मोटार.

बेकरीला लागून एक पांढरी व्हॅन आहे, तोंड आपल्याकडे. तिच्या बंपरवर पाटीसाठी लांब खाच आहे आणि तिच्यात पाटी मात्र तोकडी, दोन्ही बाजूंना रिकामी जागा सोडून बसलेली. उंचीला ती बारीक नाही, म्हणजे स्विस नव्हे. पलीकडे अंगणातल्या छोट्या मोटारीची पाठ दिसते. तिची पाटी पूर्ण लांबीची आणि दोन्ही टोकांना निळसर डाग. पुढे तोकडी, मागे लांब, निळ्या पट्ट्या दोन: गाड्या इटलीच्या आहेत.

जर्मन भाषेतली पाटी आणि इटलीच्या गाड्या यांचा मेळ बसवणारी जागा मुख्यतः एकच, दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. 1919 च्या सेंट जर्मेनच्या तहाने तो इटलीकडे गेला, पण तिथल्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा आजही जर्मन आहे. रस्त्यांच्या सरकारी फलकांवर दोन्ही भाषा असतात, दुकानाच्या पाटीवर मालकाला हवी ती. फोटोत एखादा दिशाफलक सापडला आणि त्यावर एकाच गावाची दोन नावे दिसली, तर खात्री आणखी वाढते.

तोकडी पाटी एकाच व्हॅनवर दिसली असती तर निकाल इतक्या ठामपणे देता आला नसता, कारण इटलीतून माल घेऊन आलेली व्हॅन ऑस्ट्रियातल्या गावातही उभी राहू शकते. अंगणातल्या मोटारीने ती शंका बरीच कमी केली. अशी तिसरी, चौथी गाडी मिळाली तर आणखी चांगले. आणि ज्या फोटोत विजेवरच्या गाड्या असतील तिथे रंगाबद्दल जास्त सावध राहावे. ऑस्ट्रियात विजेवरच्या गाड्यांना 2017 पासून काळ्याऐवजी हिरव्या अक्षरांची पाटी मिळते, आणि हंगेरीत तर सगळी पाटीच फिकट हिरवी असते. स्पेनमध्ये टॅक्सीची मागची पाटी 2018 पासून निळी आहे. नेदरलँड्समध्ये गाडीच्या मागे सायकली अडकवल्या आणि मूळ पाटी झाकली गेली, तर त्या सांगाड्यावर तोच क्रमांक पांढऱ्या पाटीवर लावतात. म्हणजे अस्सल डच गाडीसुद्धा सुट्टीच्या दिवशी मागून पांढऱ्या पाटीची दिसू शकते.